जिमीची गोष्ट आणि आमच्या वहीतले तीन रकाने

रविवारच्या पुरवणीत पानभर वृत्तलेख येतो. तो वाचून झाला की घरातले कुणीतरी विचारते, "एवढं काय लिहिलंय त्यात?" मग आपण दोन-चार वाक्यांत सांगून मोकळे होतो. वाचकहो, पुढे जातात ती आपली ही दोन-चार वाक्येच. नाक्यावर, कारखान्याच्या गेटवर, नळावर, लग्नाच्या पंगतीत तीच फिरतात आणि मूळ लेख बिचारा रद्दीत जातो. म्हणून ही दोन-चार वाक्ये नीट करायला हवीत, असे आमच्या वाचनालयातल्या मंडळींना वाटू लागले. आम्ही सहा-सात जण आहोत. एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका, बालवाडीच्या ताई, चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या मावशी, दोन-तीन कॉलेजची पोरे आणि हे टाचण लिहिणारे आम्ही.

आमची पद्धत साधी आहे. किराणा दुकानदाराची उधारीची वही असते तशी एक लांबट वही घेतली आणि पानावर तीन रकाने पाडले. पहिला 'दावा', दुसरा 'आधार', तिसरा 'बाकी'. लेख काय म्हणतो ते पहिल्यात, कशाच्या जोरावर म्हणतो ते दुसऱ्यात आणि अजून कुणी तपासून दाखवलेले नाही ते तिसऱ्यात. 'बाकी' हा शब्द काकांनी सुचवला. उधारीत बाकी म्हणजे बुडीत नव्हे, येणे राहिलेले. तसेच हे. खोटे ठरले असे नाही, पण चुकतेही झालेले नाही.

ही वही सुरू होण्याला एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी एका दैनिकाने आमच्या वस्तीतल्या पोरांच्या व्यसनावर मोठा लेख छापला. दैनिकाचे नाव घेण्याची गरज नाही. लेखात एक बारा वर्षांचा मुलगा होता, त्याचे नाव-गाव बदललेले. एका डॉक्टरांचे मत होते आणि अंधाऱ्या बोळाचे वर्णन होते. दुसऱ्या दिवशी मावशींना एका घरी विचारले गेले, "तुमच्याकडची सगळी पोरं असलीच का हो?" मावशी परत आल्या त्या रडत नव्हत्या, संतापल्या होत्या. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न केला. त्या कागदात नेमके काय खरे म्हणून दाखवले आहे, आणि काय नुसते सांगितले आहे? आम्ही तो लेख चार वेळा वाचला, तरी पटकन उत्तर देता येईना. लेख फार चांगला लिहिलेला होता, अडचण तीच होती.

पत्रकारितेचा अभ्यास करणारी आमची भाची तेव्हा म्हणाली, "मामा, हे शिकायचं तर जिमीची गोष्ट घ्या. जगभर शिकवतात." तिने इंग्रजी लेखाची प्रत आणली. तीन रविवार ती वाचून मराठीत सांगत होती आणि आम्ही वही भरत होतो. तीच गोष्ट आज सांगतो.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तेथील 'वॉशिंग्टन पोस्ट' या नामांकित दैनिकात २८ सप्टेंबर १९८० रोजी, रविवारी, पहिल्या पानावर 'जिमीज वर्ल्ड' म्हणजे 'जिमीचे जग' हा लेख आला. लिहिणारी जॅनेट कुक ही सव्वीस वर्षांची तरुण वार्ताहर. लेख दोन हजारांहून अधिक शब्दांचा. शहराच्या आग्नेय भागात, जिथे गरीब काळ्या लोकांची मोठी वस्ती, तिथे जिमी नावाचा आठ वर्षांचा मुलगा राहतो. पाचव्या वर्षापासून तो हेरॉइन घेतो. हेरॉइन म्हणजे अफूपासून काढलेला, शिरेत टोचून घ्यायचा जहाल मादक पदार्थ. त्याची आई अँड्रिया स्वतः व्यसनी, तिच्यासोबत राहणारा रॉन हा त्याचा विक्रेता आणि तोच जिमीला सुई टोचतो. मोठेपणी आपणही हाच धंदा करणार असे जिमी सांगतो. शाळेत त्याला गणित तेवढे आवडते, कारण धंद्याला हिशेब लागतो. लेखाच्या शेवटी रॉन पोराच्या हाडकुळ्या दंडात सुई खुपसतो आणि वार्ताहर ते समोर बसून पाहते.

वाचून झाल्यावर कोणी बोलेना. मग आम्ही वही उघडली.

पहिला रकाना भरताना आम्ही एक नियम ठेवला आहे. एका दाव्याचे एकच सरळ वाक्य करायचे आणि 'भयानक', 'धक्कादायक' असले शब्द गाळून टाकायचे. तसे केल्यावर जिमीच्या लेखातून तीन वाक्ये निघाली. आग्नेय वॉशिंग्टनमध्ये जिमी नावाने सांगितलेला एक आठ वर्षांचा मुलगा आहे, त्याला घरातच हेरॉइन टोचले जाते आणि वार्ताहराने ते डोळ्यांनी पाहिले आहे, हे पहिले. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानच्या पट्ट्यातून येणारे हेरॉइन शहरात वाढले आहे, हे दुसरे. गरीब वस्त्यांत हे व्यसन आता घरातल्या घरात, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे उतरते आहे, हे तिसरे.

ताई म्हणाल्या, "चौथं राहिलं." आम्ही पुन्हा शोधले, सापडेना. ताई म्हणाल्या, "ते लिहिलेलं नाही, पण मथळ्यात आहे. जिमीचं जग. म्हणजे तिथल्या सगळ्याच पोरांचं जग." बरोबर होते त्यांचे. न लिहिता मनात उतरवलेला दावाही दावाच, आणि मावशींना त्या घरी प्रश्न विचारला गेला तो असल्याच दाव्यामुळे. तेव्हापासून असे वाक्य आम्ही पहिल्या रकान्यात कंसात लिहितो, म्हणजे ते लेखकाचे शब्द नसून आमचे वाचन आहे हे कळते.

आता दुसरा रकाना. इथेच खरी मेहनत आहे आणि इथेच बहुतेक सारांश घसरतात. लेखात आधार भरपूर होता. अमली पदार्थविरोधी सरकारी खात्याचे अधिकारी होते. हॉवर्ड विद्यापीठातील व्यसनांवर काम करणाऱ्या संस्थेच्या संचालक डॉक्टर बाई नावानिशी बोलल्या होत्या. समाजसेवक होते. आमच्यातल्या एका पोराने पटकन सांगून टाकले, "आधार भक्कम आहे. डॉक्टर आहेत, सरकारी माणसं आहेत." काका म्हणाले, "थांब. कोण कशाला जामीन आहे ते बघ."

हा जामिनाचा हिशेब आम्हाला फार उपयोगी पडला. प्रत्येक आधार हातात घ्यायचा आणि विचारायचे, हा माणूस नेमक्या कोणत्या वाक्याला जामीन राहतो आहे? सरकारी अधिकारी बोलले ते शहरात हेरॉइन वाढल्याबद्दल, म्हणजे दुसऱ्या वाक्याबद्दल. डॉक्टर बाई आणि समाजसेवक बोलले ते व्यसनी घरांतल्या मुलांच्या एकंदर परिस्थितीबद्दल, म्हणजे तिसऱ्या वाक्याबद्दल. मग "मी जिमीला पाहिले आहे, मी त्याला तपासले आहे" असे कोण म्हणाले? भाचीने लेख परत पहिल्यापासून चाळला. कोणीच नाही. शिक्षक नाही, शेजारी नाही, दवाखान्याचा कागद नाही. पहिल्या वाक्याला जामीन एकटी वार्ताहर. लेखात जिमीशी, आईशी आणि रॉनशी जे बोलणे आहे तेही तिच्याच तोंडून आलेले.

म्हणजे काय झाले, तर सगळे वजनदार साक्षीदार शेजारच्या दोन दाव्यांना टेकू देत होते आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणारा जो मूळ दावा, तो त्यांच्या सावलीत उभा होता. वाचताना हे कळत नाही, कारण एका परिच्छेदात जिमी आणि पुढच्यात डॉक्टर अशी वीण असते. जवळजवळ बसवले की एकमेकांचे नातेवाईक वाटतात. रकाने पाडले की ते वेगळे होतात.

मावशींना हे पटेना. "अहो, त्या बाईने पोराचे डोळे, केस, कातडी, बसायची आरामखुर्ची, खुर्चीचा रंगसुद्धा लिहिलाय. पाहिल्याशिवाय कोण लिहील?" अशी शंका आपल्या सर्वांना येते. पण खुर्चीचा रंग हा पुरावा नव्हे, वर्णन आहे. वर्णन कितीही बारीक असले तरी ते त्याच एका माणसाच्या शब्दावर उभे असते, त्याने जामिनांची संख्या वाढत नाही. लेखासोबत चित्र होते, तेही मुलाचा फोटो नव्हता, चित्रकाराने काढलेले रेखाचित्र होते. चित्रकाराने लेख ऐकून काढलेले चित्र लेखाला आधार कसे होणार? आम्ही ते दुसऱ्या रकान्यात घेतलेच नाही.

आणखी एक मोह असतो. कॉलेजचा पोरगा म्हणाला, "पण असं घडूच शकतं की. व्यसनी घरात काय होत नाही?" घडू शकते हे मान्य. पण घडू शकते आणि घडले यांत जे अंतर आहे, तेच तर तिसऱ्या रकान्यात लिहायचे असते. उलट, गरिबांबद्दलची गोष्ट 'शक्य वाटते' म्हणून कमी तपासली जाते, हे आम्ही आमच्या वस्तीवरून जाणतो.

तिसऱ्या रकान्यात आम्ही नुसते 'सिद्ध नाही' असे लिहून थांबत नाही. काय तपासता आले असते आणि कोणाला, तेही टाकतो. म्हणून जिमीच्या लेखाचे टाचण, जणू तो आजच सकाळी हाती आला आहे असे समजून, आम्ही असे केले:

"वॉशिंग्टनमध्ये हेरॉइन वाढल्याचे आणि व्यसनी घरांतली मुले धोक्यात असल्याचे या लेखात अधिकारी व डॉक्टर स्वतः सांगतात. आठ वर्षांच्या एका मुलाला घरात हेरॉइन टोचले जात असल्याचे वार्ताहर सांगते व आपण ते पाहिल्याचे म्हणते. या मुलाचे आडनाव, पत्ता, शाळा दिलेली नाही आणि वार्ताहराशिवाय कोणीही त्याला पाहिल्याचे लेखात नाही. बाकी: मुलाची ओळख संपादकांना ठाऊक आहे का, वार्ताहरासोबत दुसरे कोणी त्या घरी गेले का, हे लेखावरून कळत नाही. अशी मुले किती, याचा आकडा नाही."

एवढेच. यात 'म्हणते', 'सांगतात' ही क्रियापदे आम्ही मुद्दाम ठेवली. सारांश लहान करताना पहिली कात्री याच शब्दांवर चालते. 'वार्ताहर म्हणते की मुलगा आहे' याचे 'मुलगा आहे' होते. तीन शब्द वाचतात आणि जामीन पळून जातो.

आता आमच्या टाचणात 'खोटे' हा शब्द कुठेच नाही हे ध्यानात घ्या. तो लिहिता येतच नव्हता. नाव लपवणे हे काही पाप नव्हे. त्याच 'वॉशिंग्टन पोस्ट'ने १९७२ पासून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणाच्या बातम्या दिल्या, तेव्हा बॉब वुडवर्ड या वार्ताहराचा एक खबऱ्या निनावीच होता. 'डीप थ्रोट' या टोपणनावाने तो ओळखला जाई आणि तो मार्क फेल्ट नावाचा तपास खात्यातला मोठा अधिकारी होता, हे जगाला कळले २००५ साली. निनावी असूनही तो खरा निघाला. पण तिथे त्याच्या एकट्याच्या शब्दावर बातमी उभी करत नसत, दुसरीकडून दुजोरा मिळवत. जिमीच्या लेखात नाव नव्हते आणि दुजोराही नव्हता.

पुढे काय झाले ते आता सांगतो. लेख येताच शहर हादरले. पोलिसांनी मुलाचा शोध सुरू केला, शाळांत पोरांच्या दंडांवर सुईच्या खुणा तपासल्या. विचार करा, कोणत्या वस्तीतल्या पोरांच्या बाह्या वर केल्या गेल्या असतील. पोलिसांनी वृत्तपत्राकडे पत्ता मागितला. वृत्तपत्राने सूत्र सांगणार नाही म्हणून नकार दिला. महापौर मॅरियन बॅरी आधी म्हणाले की हा मुलगा आम्हाला ठाऊक आहे, त्याच्यावर उपचार चालू आहेत. पुढे तेच म्हणाले की या गोष्टीत काही दंतकथा, काही सत्य असावे. मुलगा सापडला नाही.

भाचीने इथे आम्हाला थांबवले. "आता तिसऱ्या रकान्यात काय लिहाल?" पोराने म्हटले, "खोटं, सापडला नाही ना!" नाही, तेही नाही. विक्रेता पोराला घेऊन पळाला असेल, असेही होऊ शकते. न सापडल्याने बाकी वाढली, पण निकाल लागला नाही. महापौरांचे पहिले विधान मात्र आम्ही आधार म्हणून धरायला निघालो होतो, तेव्हा काकांनीच विचारले, "त्यांनी काय दाखवलं?" काही नाही. मोठ्या माणसाने मान डोलावली म्हणून जामीन होत नाही.

वृत्तपत्राच्या आतही शंका होतीच. कोर्टलँड मिलॉय हा सहकारी वार्ताहर कुकला घेऊन त्या भागात गेला, तेव्हा तिला घर दाखवता आले नाही. त्याने आपली शंका वरिष्ठांना सांगितली. पण रॉनने जिवे मारण्याची धमकी दिली आहे असे कुक म्हणत होती, म्हणून तिला सांभाळून घेण्याकडे कल राहिला. तिच्या विभागाचे संपादक मिल्टन कोलमन यांनी मुलाचे खरे नाव-पत्ता कधी पक्का करून घेतला नाही. त्यांच्या वरचे संपादक होते बॉब वुडवर्ड, होय, तेच वॉटरगेटचे. त्यांनी कोलमनवर विश्वास ठेवला. त्यांच्या वरच्यांनी या दोघांवर.

१३ एप्रिल १९८१ रोजी या लेखाला पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. अमेरिकेतला पत्रकारितेचा हा सर्वांत मोठा मान. आणि गोष्ट फुटली ती जिमीमुळे नव्हेच! पारितोषिकासोबत विजेत्यांची माहिती छापून आली. कुक पूर्वी ज्या 'टोलेडो ब्लेड' या वृत्तपत्रात होती तिथल्या लोकांनी ती वाचली आणि ती त्यांच्या दप्तरातल्या नोंदींशी जुळेना. तिने वासर कॉलेजची मानाची पदवी आणि टोलेडो विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी सांगितली होती. प्रत्यक्षात वासरला ती वर्षभरच होती आणि टोलेडोची साधी पदवी होती. अनेक भाषा येतात असेही लिहिले होते, तेव्हा प्रमुख संपादक बेन ब्रॅडली तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलू लागले आणि तिला उत्तर देता येईना. रात्रभर विचारपूस चालली. अखेर तिने कबूल केले की जिमी नाही, ते घर नाही, ती मुलाखतही नाही. १५ एप्रिलला वृत्तपत्राने पारितोषिक परत केले.

आमच्या मंडळींना या भागाने सर्वांत जास्त विचारात पाडले. जिमी आहे की नाही हे बाहेरच्या कोणालाच तपासता येत नव्हते. पदवी मात्र एका फोनवर तपासता येत होती. म्हणून हल्ली लांबलचक लेख घेतला की आम्ही त्यातली तपासता येण्याजोगी साधी वाक्ये आधी वेगळी काढतो. कोणती तारीख, कोणता सरकारी अहवाल, कोणत्या शाळेचे नाव, कोणत्या रस्त्याचे. ती जुळली म्हणजे मोठा दावा सिद्ध झाला असे नव्हे. पण ती जुळत नसतील तर बाकीबद्दल जपून बोलावे लागते.

'पोस्ट'ने एक गोष्ट मात्र चांगली केली. वाचकांच्या तक्रारी पाहण्यासाठी त्यांच्याकडे बिल ग्रीन नावाचे स्वतंत्र अधिकारी होते. त्यांनी चार दिवसांत, १९ एप्रिल १९८१ रोजी, सगळ्या चुकांचा पंचनामा नावानिशी छापला, तोही पहिल्या पानापासून. त्याचाही सारांश आम्ही तीन रकान्यांत केला, आणि खरे सांगायचे तर तो सोपा गेला. जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे कोण बोलले त्याचे नाव होते.

आमच्या वस्तीवरचा तो जुना लेख मावशींनी मग कपाटातून काढून आणला. त्याचेही पान केले. डॉक्टर बोलले होते ते शहरातल्या व्यसनाबद्दल, आमच्या वस्तीबद्दल एक शब्द नव्हता. बारा वर्षांच्या मुलाला वार्ताहराशिवाय कोणी पाहिलेले नव्हते. मावशी म्हणाल्या, "म्हणजे तो पोरगा नाहीच!" ताईंनी त्यांना अडवले. "मावशी, तो असूही शकतो, आपल्याच बोळात. आपल्याला ठाऊक नाही एवढंच." मावशींना हे आवडले नाही, पण पान त्यांनी तसेच ठेवू दिले. पुढच्या आठवड्यात त्या ज्या घरी तो प्रश्न आला होता तिथे गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, डॉक्टर आमच्या वस्तीबद्दल बोललेलेच नाहीत, परत वाचून बघा." त्या बाईंनी वाचून पाहिले की नाही ते आम्हाला कळलेले नाही.

जिमीच्या पानावर आज अशी स्थिती आहे. हेरॉइन वाढल्याचे दुसरे वाक्य आणि मुलांच्या धोक्याचे तिसरे वाक्य कुकच्या कबुलीने पडत नाही, कारण त्यांचे जामीन वेगळे होते. ते आम्ही तसेच ठेवले. पहिले वाक्य लाल शाईने खोडले आणि समोर तारीख टाकली, १५ एप्रिल १९८१. कंसातल्या चौथ्या वाक्याला आधी एक जिमी तरी होता, आता तोही राहिला नाही. पुढे १९८२ साली दूरदर्शनवरच्या मुलाखतीत कुक म्हणाली की असा एक आठ वर्षांचा मुलगा उपचार घेतो आहे असे तिच्या कानावर आले होते, तिने शोधला पण तो मिळाला नाही, आणि वरिष्ठांचा तगादा होता. हे वाक्य कोणत्या रकान्यात घालायचे यावर आमच्यात बराच वाद झाला. सांगणारी एकटी तीच. काकांनी पेन घेतले आणि तिसऱ्या रकान्यात लिहिले: "कुक म्हणते, असा मुलगा असल्याचे ऐकले होते. बाकी."